टॉर्क तोच, ताण वेगळा

एकाच खोक्यातले तीन बोल्ट घ्यावेत. तिन्ही एम१२, म्हणजे बारा मिलिमीटर जाडीचे, टोपीवर ८.८ असा शिक्का असलेले. पहिला जसा खोक्यातून निघाला तसाच, कोरडा लावावा. दुसऱ्याच्या आट्यांना आणि टोपीच्या खालच्या बाजूला इंजिन ऑइलचे बोट फिरवावे. तिसऱ्याला मॉलिब्डेनमची काळी पेस्ट चोपडावी. मग टॉर्क रेंच ८८ न्यूटन-मीटरवर लावून तिन्ही बोल्ट एकामागून एक आवळावेत. तिन्ही वेळा रेंच ठरल्या जागी ‘कट्’ असा आवाज करतो. हाताला तिन्ही वेळा सारखाच जोर लागतो. बोल्टांच्या आत मात्र तीन वेगळ्या गोष्टी घडलेल्या असतात. पहिला बोल्ट सुमारे ३.७ टनांच्या ताणाखाली असतो आणि तेवढाच असायला हवा होता. दुसऱ्यात सुमारे पाच टन ताण येतो, म्हणजे त्याच्या सुरक्षित मर्यादेची अगदी कड. तिसऱ्यात हिशेबाने सहा टनांच्या वर ताण जातो, आणि तिथे पोहोचण्याआधीच बोल्ट कायमचा लांबलेला असतो. तो पुन्हा वापरण्याच्या लायकीचा राहत नाही.

यात रेंच चुकलेला नाही. चांगल्या टॉर्क रेंचची चूक चार टक्क्यांच्या आत असते, आणि तीन बोल्टांतला फरक तर साठ-सत्तर टक्क्यांचा आहे. रेंचने त्याला सांगितलेले काम चोख केले. ज्या गोष्टीसाठी बोल्ट आवळला जातो, ती गोष्ट मात्र तो मोजतच नव्हता.

बोल्ट आवळण्याचा हेतू दोन भाग एकमेकांवर दाबून धरण्याचा असतो. हा दाब येतो बोल्टच्या ताणातून. नट फिरत जातो, मधले भाग आणखी दबायला तयार नसतात, मग बोल्टलाच लांबावे लागते. पोलादी बोल्ट ही एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. वरच्या एम१२ बोल्टची ताणली जाणारी लांबी शंभर मिलिमीटर धरली, तर ३.७ टनांच्या ताणाखाली तो जेमतेम ०.२ मिलिमीटर लांबतो. डोळ्याला न दिसणारी ही वाढच दोन्ही भाग घट्ट धरून ठेवते. ती कमी पडली तर भाग एकमेकांवर सरकू लागतात, आणि प्रमाणाबाहेर गेली तर बोल्ट मूळ लांबीवर परतण्याची ताकद गमावून बसतो.

टोपीवरचे ८.८ हे आकडे या मर्यादा सांगतात. पहिला आठ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनचा ताण आला की बोल्ट तुटणार. दुसरा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६४० न्यूटनला तो कायमचा लांबू लागणार. एम१२ बोल्टच्या आट्यांच्या जागी भार पेलणारे क्षेत्रफळ सुमारे ८४ चौरस मिलिमीटर असते. त्या हिशेबाने साडेपाच टनांना बोल्ट लांबू लागतो आणि ६.९ टनांच्या आसपास तुटतो. भार काढल्यावर हमखास मूळ लांबीवर परत येईल अशी मर्यादा, जिला ‘प्रूफ लोड’ म्हणतात, ती पाच टनांची. डिझाइन करणारे सहसा तिच्या तीन-चतुर्थांशावर थांबतात, म्हणजे सुमारे ३.७ टनांवर. वर धरलेला ८८ न्यूटन-मीटरचा आकडा तिथूनच आला. जुन्या सर्व्हिस मॅन्युअलच्या भाषेत हा ‘नऊ किलो’ टॉर्क. अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला अठरा किलोचा जोर दिला की तो मिळतो.

अठरा किलोच्या जोरातून पावणेचार टनांचा ताण निघतो, ही किमया आट्यांची. बोल्टचा आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला घाटरस्ता. एम१२ बोल्टवर नट एक फेरी फिरला की तो पावणेदोन मिलिमीटर पुढे जातो, आणि त्या फेरीत आट्यावरून सुमारे ३४ मिलिमीटर अंतर कापतो. म्हणजे साधारण विसास एक अशी सौम्य चढण. चढण सौम्य म्हणून थोड्या जोरात मोठे ओझे चढते. पण घाट लांब असल्यामुळे वाटभर घासाघासही खूप होते, आणि हिशेबाचा सगळा घोळ त्या घासाघाशीत आहे.

कोरड्या बोल्टवर लावलेल्या ८८ न्यूटन-मीटरचे काय होते? सुमारे ४३ न्यूटन-मीटर फिरणाऱ्या टोपीचा किंवा नटचा पृष्ठभाग खालच्या वॉशरवर घासण्यात जातात. सुमारे ३५ न्यूटन-मीटर नटचे आटे बोल्टच्या आट्यांवर घासण्यात जातात. उरतात दहा. बोल्ट ताणण्याच्या कामी खरोखर येतात ते हे दहा न्यूटन-मीटर. रेंच फिरवणाऱ्याच्या मेहनतीतला नऊ-दशांश भाग घर्षणाला जातो आणि एक-दशांश बोल्टला मिळतो.

हे प्रमाण एकदा लक्षात आले की तेलाचा परिणाम वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तेल लावल्यावर घर्षण पाव हिश्शाहून थोडे अधिक घटले असे समजू. आधी ७८ न्यूटन-मीटर खाणारे घर्षण आता ५६ च्या आसपास खाईल. बोल्टला ३.७ टनांपर्यंत ताणायला लागणारे दहा न्यूटन-मीटर मात्र तेवढेच राहतात. ते आट्याच्या चढणीवर ठरतात आणि तेलाने चढण बदलत नाही. म्हणजे ६६ न्यूटन-मीटरलाच काम फत्ते झाले. पण रेंच लावलाय ८८ वर. तो अजून वाजलेला नाही, म्हणून हात पुढे ओढत राहतो, नट आणखी फिरतो, आणि पाच टनांवर पोहोचल्यावर ‘कट्’ ऐकू येते. घर्षणात झालेली पाव हिश्शाची घट बोल्टच्या ताणात एक-तृतीयांश वाढ होऊन उतरते.

तेल नेमके कुठे लागले यानेही फरक पडतो. पुष्कळदा आट्यांना तेल लावले जाते आणि टोपीखालची जागा कोरडी राहते. वास्तविक घर्षणाचा मोठा वाटा तिथेच आहे. वरच्या बोल्टमध्ये फक्त आट्यांतले घर्षण एक-तृतीयांशाने घटले आणि टोपीखालचे तसेच राहिले, तर ताण सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढतो. दोन्ही जागी तेवढीच घट झाली तर वाढ चाळीस टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून नीट लिहिलेल्या मॅन्युअलमध्ये ‘आट्यांना आणि टोपीच्या बैठकीला तेल लावा’ असे दोन्ही जागांचे नाव घेऊन सांगितलेले असते. असे वाक्य अर्धे पाळले तर टॉर्कचा आकडाही अर्धाच खरा उरतो.

कारखान्यात रोजच्या वापरासाठी हा सगळा हिशेब एका छोट्या सूत्रात बसवलेला आहे:

T = K × D × F

यात T म्हणजे टॉर्क, D म्हणजे बोल्टची जाडी मीटरमध्ये, F म्हणजे बोल्टमध्ये हवा असलेला ताण न्यूटनमध्ये. K ला ‘नट फॅक्टर’ म्हणतात. घर्षणाबद्दल जे काही सांगायचे ते सगळे या एका आकड्यात कोंबलेले असते. कोरड्या, स्वच्छ पोलादी बोल्टसाठी तो ०.२० च्या आसपास धरतात, हलके तेल लावलेल्यासाठी ०.१५, मॉलिब्डेनम पेस्टसाठी ०.१२. आपल्या बोल्टचा ताण ३६,७०० न्यूटन, म्हणजेच ते ३.७ टन, हवा असेल तर कोरड्यासाठी ०.२० × ०.०१२ × ३६,७०० म्हणजे ८८ न्यूटन-मीटर येतात. तेलकटासाठी ६६ आणि पेस्टसाठी ५३. बोल्ट एक, हवा असलेला ताण एक, आणि टॉर्कचे आकडे तीन.

गंजलेल्या, मातीने भरलेल्या आट्यांवर हेच उलट्या दिशेने घडते. तिथे K ०.३० वर सहज जाऊ शकतो. मग ८८ न्यूटन-मीटरला रेंच वाजतो तेव्हा बोल्टमध्ये जेमतेम अडीच टनांचा ताण असतो. आवळणाऱ्याला भरपूर जोर लागलेला असतो, नट कुरकुरत फिरलेला असतो, आणि म्हणून जोड खूप घट्ट बसला असे वाटते. तो नेमका सैल असतो. हाताला जाणवलेला जोर म्हणजे बहुतांश गंजाचा विरोध.

‘कोरडा’ हा शब्दही वाटतो तितका सरळ नाही. तक्त्यातला कोरडा बोल्ट म्हणजे कारखान्यातून आला तसा बोल्ट. काळ्या रंगाच्या बोल्टवर गंज धरू नये म्हणून तेलाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. हाताला तो जेमतेम जाणवतो, पण हिशेबात मोजलेला असतो. असा बोल्ट अतिकाळजीपोटी पेट्रोलने किंवा थिनरने धुऊन काढला की तो तक्त्यातल्या ‘कोरड्या’पेक्षाही कोरडा होतो, घर्षण वाढते आणि त्याच टॉर्कला ताण कमी पडतो. झिंक प्लेटिंग केलेल्या बोल्टचे घर्षण वेगळे. त्याच प्लेटिंगवर मेणाचा थर दिला असेल तर आणखी वेगळे. शिवाय प्लेटिंगचा नट कोरडाच पुन्हा पुन्हा उघडून आवळला की मऊ झिंक खरवडले जाते, आटे खडबडीत होतात, आणि दर खेपेला तेवढ्याच टॉर्कवर आधीपेक्षा कमी ताण मिळतो. जुन्या बोल्टवर नव्याचा आकडा लावणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे.

मग सरसकट सगळ्याच बोल्टांना तेल लावून टॉर्क कमी केला तर? विचार वाईट नाही. कोरड्या आट्यांचा खरा दोष घर्षण जास्त असण्यात नाही, ते बेभरवशाचे असण्यात आहे. एकसारख्या कोरड्या बोल्टांवर एकसारखा टॉर्क दिला तरी ताण तीस टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो. तेलाने हा विखार थोडा आवरतो. म्हणूनच इंजिन बनवणारे सिलिंडर हेडच्या बोल्टांना बहुधा तेल लावायला सांगतात. पण हे ठरवायचे जोडाचे डिझाइन करणाऱ्याने. टॉर्कचा आकडा आणि आट्यांची अवस्था ही जोडी आहे. एक बदलून दुसरे तसेच ठेवणे हीच खरी चूक.

ही चूक रोज होते ती गाडीच्या चाकाशी. बहुतेक मोटारींच्या चाकांचे नट कोरड्या, स्वच्छ स्टडवर आवळायचे असतात. टोयोटाच्या गाड्यांसोबत येणाऱ्या पुस्तिकेत चाकाच्या बोल्टांना आणि नटांना तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये, अशी स्पष्ट ताकीद आहे. कारणही तिथेच दिलेले आहे: नट प्रमाणाबाहेर आवळला जाऊन बोल्ट किंवा चाक खराब होईल. त्यांच्या अनेक मॉडेलांसाठी दिलेला टॉर्क १०३ न्यूटन-मीटर आहे. तो कोरड्या स्टडसाठीचा. पुढच्या वेळी नट सहज निघावा या चांगल्या हेतूने पंक्चरवाल्याने किंवा खुद्द मालकाने स्टडवर ग्रीसचे बोट फिरवले, की तोच १०३ चा आकडा स्टडला त्याच्या मर्यादेकडे ढकलतो. त्यात मोटारीच्या चाकाचा नट बहुधा शंकूच्या आकाराच्या खाचेत बसतो. तिथे पाचरीसारखा दाब येत असल्याने घर्षणाचा वाटा सपाट वॉशरपेक्षाही मोठा असतो. ग्रीस त्या शंकूवर उतरले तर फरक अधिकच वाढतो.

ट्रकच्या चाकांनी हीच गोष्ट दोन्ही बाजूंनी दाखवून दिली आहे. अमेरिकेतल्या मोठ्या ट्रकांवर दोन प्रकारची चाके चालत आली. जुन्या प्रकारात गोलाकार बैठकीचे नट चाकाला मधोमध धरतात. त्यांचे आटे कोरडे ठेवायचे. नव्या प्रकारात चाक हबवर टेकते आणि नटला स्वतःची फिरणारी चकती असते. इथे स्टडच्या टोकाच्या आट्यांवर आणि नट व चकतीच्या मधल्या फटीत इंजिन ऑइलचे दोन-दोन थेंब टाकायला सांगतात. दोन्हींचा टॉर्क साधारण ६१० ते ६८० न्यूटन-मीटर. आकडा एकच, पण एका चाकाला तेल वर्ज्य आणि दुसऱ्याला तेल सक्तीचे. दुसऱ्या प्रकारच्या चाकावर ते थेंब टाकायचे राहिले तर रेंच वाजूनही चाकावर हवा तेवढा दाब येत नाही, आणि महामार्गावर भरधाव असताना चाक निखळण्याची सुरुवात अशीच कुठेतरी होते.

तेल लावले की नट आपोआप गरगर फिरून निघून येतो, हा समज मात्र खरा नाही. आट्याची चढण विसास एक, म्हणजे ०.०५ इतकीच. तेलकट पोलादाचे घर्षण ०.१० च्या आसपास, म्हणजे त्याच्या दुप्पट. नुसत्या ताणाने नट मागे घसरत नाही. तो सैल होतो तो वेगळ्या कारणाने. जर्मन अभियंता गेऱ्हार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगांतून दाखवले की जोडलेले भाग बोल्टला आडव्या दिशेने पुढे-मागे सरकू लागले, की त्या क्षणापुरते आट्यांतले घर्षण फिरण्याच्या दिशेने उरत नाही आणि नट तीळ तीळ उलटा फिरतो. आडवे सरकणे थांबवतो तो पुरेसा दाब. म्हणून कंपनात नट सुटण्याचा पहिला संशय कमी ताणावर घ्यावा. हा कमी ताण दोन वाटांनी येतो. एक तर गंजाने टॉर्क खाल्ला, किंवा तेलावर जास्त आवळल्यामुळे बोल्ट लांबला आणि मग ढिला पडला.

रेंच जे सांगत नाही ते डोळ्याने पाहण्याची सोय आहे. ‘स्किडमोर-विल्हेल्म’ या नावाने ओळखले जाणारे एक यंत्र पुलांच्या आणि मोठ्या पोलादी इमारतींच्या कामावर वापरतात. ते म्हणजे मधोमध आरपार भोक असलेला, तेलाने भरलेला जाडजूड पोलादी ठोकळा. भोकातून बोल्ट घालून नट आवळला की आतले तेल दाबले जाते आणि वरच्या तबकडीवरचा काटा बोल्टमधला ताण थेट दाखवतो. एका हातात टॉर्क रेंच आणि नजर त्या काट्यावर, अशा स्थितीत आधी कोरडा आणि मग तेल लावलेला बोल्ट आवळून पाहिला, की वरचे सगळे आकडे पटायला दोन मिनिटे पुरतात. रेंच त्याच जागी वाजतो, काटा वेगळ्याच जागी थांबलेला असतो.

अमेरिकेत पोलादी बांधकामाच्या बोल्टांचे नियम करणाऱ्या परिषदेने या बेभरवशीपणाला कंटाळून १९८० मध्ये टॉर्कवर आधारलेली पद्धत आपल्या नियमांतून काढूनच टाकली होती. १९८५ मध्ये ती परत आणली, पण कडक अटी घालून. ज्या बोल्ट-नट-वॉशरच्या लॉटवर काम करायचे, त्यांतले नमुने रोज अशा यंत्रावर आवळून त्या दिवसाचा टॉर्क ठरवायचा. वॉशर कडक केलेलाच हवा. तक्त्यातून उचललेला किंवा सूत्राने काढलेला टॉर्क पडताळणी न करता तिथे चालत नाही. रात्रभर पावसात पडलेल्या पिंपातले बोल्ट सकाळी वेगळे वागतात, हे साइटवरच्या माणसांना माहीत असते. नियमानेही ते मान्य केले. भारतात आयएस ४००० या मानकात अशा जोडांसाठी नट ठरावीक भाग फिरवण्याची पद्धत दिलेली आहे. तिच्यात भाग एकमेकांना नीट टेकेपर्यंत नट आवळायचा, खडूने किंवा रंगाने खूण करायची आणि तिथून ठरलेला अंश फिरवायचा.

इंजिनाच्या हेडवरही आज हीच युक्ती चालते. मॅन्युअलमध्ये आधी एक छोटा टॉर्क दिलेला असतो आणि मग ‘९० अंश फिरवा, पुन्हा ९० अंश फिरवा’ असे लिहिलेले असते. छोट्या टॉर्कला घर्षणाची चूकही छोटीच होते. पुढचे फिरवणे आट्याच्या चढणीवर चालते. पावणेदोन मिलिमीटरच्या आट्यावर नव्वद अंश म्हणजे ०.४४ मिलिमीटर, मग आटे कोरडे असोत की ओले. त्यातले काही भाग दबण्यात जाते, बाकी बोल्ट लांबण्यात. अशा कित्येक इंजिनांत बोल्ट मुद्दाम कायमचे लांबण्याच्या मर्यादेत नेलेले असतात. ते एकदाच वापरायचे. पैसे वाचवायला जुनेच पुन्हा लावले तर ते तिथेच तुटू शकतात.

हेडच्या बोल्टला तेल लावताना एक वेगळा धोका असतो. ब्लॉकमधली काही भोके खालून बंद असतात. बोल्ट तेलात बुचकळून अशा भोकात घातला, किंवा भोकात आधीच कूलंट साचलेले असले, तर बोल्ट खाली जाताना द्रवाला पळायला वाट नसते. द्रव दबत नाही. बोल्टच्या रेट्याने तो इतका दाब निर्माण करतो की ओतीव ब्लॉकला चीर जाऊ शकते. निदान एवढे तरी होतेच की टॉर्क द्रव दाबण्यात खर्ची पडतो आणि बोल्ट पुरता न ताणता रेंच वाजतो. म्हणून अनुभवी मेकॅनिक प्रत्येक भोकात हवेचा झोत मारतो, आणि बोल्टला तेलाचे बोट फिरवून जादाचे ओघळू देतो.

बोल्ट मर्यादा ओलांडतोय हे आवळताना कळू शकते, मात्र लक्ष हवे. निरोगी बोल्टवर नट जसजसा फिरतो तसतसा हाताला जोर वाढत गेलेला जाणवतो. मग एका टप्प्यावर नट फिरतोय पण जोर वाढतच नाही, रेंच वाजायचे नाव घेत नाही, असे झाले की थांबावे. बोल्ट लांबू लागला आहे किंवा आटे कातरले जात आहेत. ‘अजून वाजला नाही’ म्हणून ओढत राहणे म्हणजे तो तोडणे. काढलेल्या बोल्टवर नवा नट हाताने फिरवून पाहावा. सगळीकडे सैल फिरून एका जागी अडकत असेल तर तिथले आटे ताणले गेले आहेत. नव्या बोल्टचे आटे जुन्याच्या आट्यांत बसवून उजेडासमोर धरले तरी लांबलेल्या जागी फट दिसते. याउलट जोड सैल राहिल्याची खूण म्हणजे वॉशरच्या कडेला दिसणारी तांबूस भुकटी आणि दोन भागांच्या मधे घासून चकाकलेले पट्टे. नट जागचा हललेला नसला तरी भाग आतल्या आत सरकत असल्याचे त्यावरून कळते.

ज्यांच्यापुढे मॅन्युअल कोरडा टॉर्क सांगते आणि हातात तेलकट बोल्ट आहे, त्यांच्यासाठी पहिली वाट पुसण्याची. तारेच्या ब्रशने आटे साफ करून, स्वच्छ फडक्याने पुसून बोल्ट मूळ अवस्थेच्या जवळ आणावा आणि दिलेला टॉर्क द्यावा. तेल ठेवणे भागच असेल, जसे स्टेनलेस स्टीलच्या नट-बोल्टांत, जे कोरडे आवळले तर एकमेकांत अडकून जाम होतात, तर टॉर्क पाव हिश्शाने उतरवणे हा अंदाजे हिशेब होतो. तो शेतीच्या अवजारांना, शेडच्या सांगाड्याला किंवा मोटरच्या पायाला चालून जाईल. ब्रेक, स्टिअरिंग, चाक आणि इंजिनाच्या आतल्या बोल्टांना तो चालवू नये. तिथे बनवणाऱ्याने त्या तेलासाठी दिलेला आकडाच घ्यावा. पेस्ट वापरायची असेल तर डब्यावर छापलेला K पाहावा. चांगल्या कंपन्या तो देतात.

आणि आवळून ठेवलेल्या बोल्टची ‘तपासणी’ टॉर्क रेंचने करताना तर फारच जपावे. थांबलेल्या नटला पुन्हा हलवायला फिरत्या नटपेक्षा जास्त जोर लागतो. त्यामुळे चार दिवसांनी त्याच आकड्यावर लावलेला रेंच नट तसूभरही न हलवता वाजतो. त्यातून एवढेच कळते की नट फारच सैल नाही. आत अडीच टन आहेत की पाच, हे त्या आवाजात नसते. अधिक भरवशाची रीत थोडी वेळखाऊ आहे. नट आणि खालच्या भागावर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढायची, नट थोडासा सैल करायचा, मग ठरलेला टॉर्क देऊन पुन्हा आवळायचा आणि रेघेची दोन्ही टोके जुळतात का ते पाहायचे. नट रेघेच्या पुढे गेला तर बोल्ट आधी कमी आवळलेला होता किंवा मधल्या काळात ढिला पडला होता. रेघेच्या अलीकडेच थांबला तर आधी जास्त आवळला गेला होता, किंवा या वेळी घर्षण वाढले आहे. अशा वेळी नट पूर्ण काढून आटे पाहायचे.